रेघ किती भरवशाची? फोर्ब्स यांची सतरा मोजमापं

एकोणिसाव्या शतकात डोंगराची उंची मोजायची तर पाऱ्याचा बॅरोमीटर सोबत घेऊन चढावं लागे. वर जावं तसा हवेचा दाब घटत जातो, त्यामुळे दाब कळला की उंचीचा हिशोब मांडता येतो. पण बॅरोमीटर म्हणजे जवळपास तीन फूट लांबीची, पाऱ्याने भरलेली काचेची नळी. खडकाळ वाटेवर ती फुटली की मोजणी तिथेच थांबली. एडिंबरा विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक जेम्स डेव्हिड फोर्ब्स हिमनद्यांचे अभ्यासक होते, आल्प्समध्ये त्यांची ये-जा असे, आणि ही अडचण त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. त्यांना वाट सुचली ती उकळत्या पाण्याची. दाब कमी असेल तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. तेव्हा उकळबिंदूवरून दाब काढता आला, तर नळीऐवजी साधा थर्मामीटर नेऊन भागेल.

या नात्याची खात्री करण्यासाठी फोर्ब्स यांनी आल्प्समध्ये आणि स्कॉटलंडमध्ये ठिकठिकाणी पाणी उकळून तापमान टिपलं आणि त्याच जागी बॅरोमीटरने दाबही टिपला. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातल्या या १७ जोड्या आजही संख्याशास्त्राच्या वर्गात वापरल्या जातात. सर्वांत उंच जागी पाणी १९४.३ अंश फॅरनहाइटला उकळलं आणि दाब होता २०.७९ इंच पारा. सर्वांत सखल जागी पाणी २१२.२ अंशांना उकळलं, दाब ३०.०६ इंच. बाकीच्या जोड्या या दोहोंच्या मध्ये येतात.

हे १७ बिंदू आलेखावर मांडले, आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर दाब, तर ते जवळजवळ एका रेघेत बसतात. लघुतम वर्गांच्या रीतीने, म्हणजे बिंदूंपासून रेघेपर्यंतच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील अशी रेघ काढली, तर तिचा उतार येतो ०.५२३. उकळबिंदू एक अंशाने उतरला की दाब साधारण अर्ध्या इंचाने उतरतो, असा त्याचा अर्थ. उंचीच्या भाषेत सांगायचं तर एका अंशामागे ढोबळमानाने पाचशे फूट.

ही रेघ काढण्याच्या रीतीला रिग्रेशन म्हणतात. आता खरा प्रश्न असा: ०.५२३ या आकड्यावर किती विसंबायचं? फोर्ब्स पुन्हा त्याच डोंगरांवर गेले असते, त्याच जागी पुन्हा पाणी उकळलं असतं, तर वाचनं थोडी वेगळी आली असती आणि उतारही थोडा वेगळा निघाला असता. हा उतार किती हलला असता, याचं माप म्हणजे त्याचं प्रचरण, ज्याला इंग्रजी धाटणीने व्हेरियन्स म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्याचं सूत्र एका ओळीत येतं आणि बहुतेक जण ते पाठ करून पुढे जातात. पण ते कुठून येतं हे पाहिल्याशिवाय, मोजमापं कुठे घ्यावीत याबद्दल ते काय सांगतं हे नीट कळत नाही.

सुरुवात एका गृहीतापासून करावी लागते. खरं नातं सरळ रेघेचं आहे, आणि प्रत्येक वाचनात थोडी चूक मिसळलेली आहे असं धरायचं:

y = a + b x + e

यात x म्हणजे उकळबिंदू, y म्हणजे दाब, b म्हणजे आपल्याला न दिसणारा खरा उतार, आणि e म्हणजे त्या वाचनातली चूक. ही चूक कधी वरच्या बाजूला, कधी खालच्या बाजूला पडते, सरासरीने शून्य असते, आणि तिचं प्रचरण सगळीकडे सारखंच, σ² एवढं असतं. शिवाय एका वाचनातल्या चुकीचा दुसऱ्या वाचनातल्या चुकीशी संबंध नसतो. या शेवटच्या अटीकडे नंतर परत यावं लागेल.

लघुतम वर्गांनी येणारा उताराचा अंदाज असा असतो:

b̂ = Σ(x − x̄)(y − ȳ) / Σ(x − x̄)²

x̄ म्हणजे सगळ्या तापमानांची सरासरी. फोर्ब्स यांच्या मोजमापांत ती २०२.९५ अंश आहे. छेदातली बेरीज सांगते की तापमानं या सरासरीपासून किती दूरवर पसरली आहेत. सूत्रांत तिला Sxx लिहितात. इथे तिला पसारा म्हणू. फोर्ब्स यांच्या १७ तापमानांचा पसारा भरतो ५३०.८.

हे सूत्र थोडं उकलून पाहिलं की त्यातली खुबी दिसते. दोन सरासऱ्या जिथे भेटतात तो आलेखाचा मध्यबिंदू. लघुतम वर्गांची रेघ त्यातून जातेच. आता या मध्यबिंदूपासून प्रत्येक मोजमापापर्यंत एकेक रेघ ओढली, तर प्रत्येक मोजमाप उताराबद्दल स्वतःचं एक मत देतं. १९४.३ अंशांचं मोजमाप म्हणतं उतार ०.४९ आहे. २०३.६ अंशांचं मोजमाप म्हणतं ०.१३. त्याच्या शेजारचं, २०४.६ अंशांचं म्हणतं ०.९२. मध्याजवळच्या दोन शेजाऱ्यांच्या मतांत एवढी तफावत! आणि वरचं सूत्र या सतरा मतांची भारित सरासरी घेतं. प्रत्येक मताचं वजन म्हणजे त्या मोजमापाच्या सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग, भागिले एकूण पसारा. त्यामुळे १९४.३ अंशांच्या एकट्या मोजमापाला १४ टक्के वजन मिळतं, २०४.६ च्या मोजमापाला अर्धा टक्का, आणि २०३.६ च्या मोजमापाला एक दशांश टक्काही नाही.

हे वजन अन्यायाचं नाही. दाबाच्या वाचनात पाव इंचाची चूक झाली, तर मध्यापासून आठ अंश दूर असलेल्या मोजमापाचं मत त्यामुळे जेमतेम तीन शतांशांनी चुकतं, कारण ती चूक आठ अंशांत वाटली जाते. तीच चूक मध्यापासून अर्ध्या अंशावर झाली, तर मत अर्ध्याने चुकतं, म्हणजे जवळपास खऱ्या उताराइतकंच. गवंडी लाईनदोरी बांधताना खुंट्या भिंतीच्या दोन टोकांना का ठोकतो, त्याचं कारणही हेच. खुंट्या वीतभर अंतरावर ठोकल्या आणि एक खुंटी बोटभर सरकली, तर भिंतीच्या टोकाला दोरी कुठल्या कुठे जाईल.

आता प्रत्यक्ष प्रचरण काढायचं. सरासरीपासूनची सगळी अंतरं मिळवली तर बेरीज शून्य येते, म्हणून वरच्या सूत्रातला ȳ गळून पडतो आणि उताराचा अंदाज दाबांच्या एका साध्या बेरजेत उतरतो:

b̂ = Σ w y, जिथे w = (x − x̄) / Sxx

y च्या जागी a + b x + e घातलं की तीन तुकडे होतात. a सोबत सगळ्या w ची बेरीज येते, ती शून्य. b सोबत Σ w x येतं, ते बरोबर १ भरतं. तेव्हा उरतं एवढंच:

b̂ = b + Σ w e

साऱ्या सिद्धतेतली ही ओळ सर्वांत मोलाची आहे. अंदाज म्हणजे खरा उतार, अधिक चुकांची एक भारित बेरीज. चुका सरासरीने शून्य असल्यामुळे अंदाजही सरासरीने खऱ्या उतारावरच येतो. आणि त्याचं हलणं सगळं त्या दुसऱ्या पदातून येतं. चुका एकमेकींशी निगडित नसतील, तर बेरजेचं प्रचरण म्हणजे प्रचरणांची बेरीज. एखाद्या राशीला w ने गुणलं की तिचं प्रचरण w² ने गुणलं जातं. म्हणून अंदाजाचं प्रचरण होतं σ² गुणिले Σ w². ही बेरीज म्हणजे वर Sxx आणि खाली Sxx चा वर्ग, म्हणजेच १ भागिले Sxx. हाती येतं ते असं:

Var(b̂) = σ² / Sxx

प्रचरणाचं वर्गमूळ म्हणजे उताराची प्रमाण त्रुटी. अंदाज साधारण किती इकडेतिकडे होईल, ते ही त्रुटी उताराच्याच एककात सांगते.

σ² आपल्याला ठाऊक नसतं. ते बिंदूंच्या रेघेपासूनच्या अंतरांवरून काढतात. त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १७ ने नाही तर १५ ने भागतात, कारण उतार आणि रेघेची उंची या दोन गोष्टी त्याच मोजमापांतून आधीच ठरवून घेतलेल्या असतात. फोर्ब्स यांच्या मोजमापांतून σ चा अंदाज येतो ०.२३३ इंच. पसाऱ्याचं वर्गमूळ आहे २३.०४. भागाकार केला की प्रमाण त्रुटी ०.०१०. उतार ०.५२३, त्रुटी त्याच्या पन्नासाव्या भागाइतकी.

आता सूत्रातून काय निघतं ते मोजमापांवरच पाहू. समजा फोर्ब्स एकाच दरीत फिरले असते आणि त्यांना १९९.४ ते २०१.४ अंशांमधलीच वाचनं मिळाली असती. त्यांच्या यादीत अशी सहा वाचनं आहेत. त्यांचा पसारा फक्त ३.३७ भरतो. σ तेवढाच, ०.२३३ धरला, तर प्रमाण त्रुटी ०.१२७ होते, म्हणजे साडेबारा पट. अशा त्रुटीने उतार पाव इंच की पाऊण इंच हेही ठामपणे सांगता येणार नाही.

याउलट, त्यांनी यादीतली तीन सर्वांत थंड आणि तीन सर्वांत उष्ण वाचनं तेवढी घेतली असती, तर? ती १९४.३, १९४.५, १९७.९, आणि २१०.७, २११.९, २१२.२ अंशांची. हीही सहाच, पण पसारा ३९५. प्रमाण त्रुटी ०.०११७. सतरा वाचनांतून जी खात्री मिळाली, तिच्या अगदी जवळची खात्री टोकांच्या सहा वाचनांनीच दिली असती. त्या सहांमधून प्रत्यक्ष उतार निघतो ०.५१९. मधल्या अकरा जागी घेतलेल्या श्रमांनी उताराची पकड फारशी घट्ट झाली नाही.

पसारा दोन रस्त्यांनी वाढतो: वाचनांची संख्या वाढवून, किंवा वाचनं लांब लांब घेऊन. दोन्ही रस्ते सारखे नाहीत. वाचनं दुप्पट केली तर पसारा दुप्पट होतो. पण सरासरीपासूनची अंतरं दुप्पट केली तर पसारा चौपट होतो, कारण तिथे वर्ग आहे. एकाच उंचीवर चारदा पाणी उकळण्यापेक्षा दुप्पट उंचीचा फरक गाठणारी वाट चढणं, उताराच्या दृष्टीने, तितकंच फळ देतं. ज्याला डोंगर माहीत आहे त्याला यातली कोणती मेहनत परवडेल हे सूत्राने सांगायला नको.

इथे एक गोष्ट चटकन नजरेतून सुटते. मधल्या त्या सहा वाचनांची स्वतःची वेगळी रेघ काढली तर ती बिंदूंना फार छान चिकटते. बिंदू तिच्यापासून सरासरी पाच शतांश इंचच ढळलेले दिसतात, पूर्ण यादीतल्या ढळण्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे. आलेख पाहणाऱ्याला वाटेल, यापेक्षा भरवशाची रेघ कुठली! पण हा छोटा σ घेऊनही तिच्या उताराची प्रमाण त्रुटी ०.०२६ येते, पूर्ण यादीच्या अडीच पट. बिंदू रेघेला किती बिलगतात हे σ सांगतो. उतार किती भरवशाचा हे मात्र σ आणि पसारा दोघं मिळून ठरवतात, आणि पसारा आटला की बिलगणं कामाला येत नाही.

मग सगळी वाचनं दोन टोकांनाच का घेऊ नयेत? सूत्र तर नेमकं तेच सुचवतं: निम्मी वाचनं सर्वांत उंच जागी, निम्मी सर्वांत खाली, मधे काही नको. पण सूत्र ज्या गृहीतावर उभं आहे ते म्हणजे नातं सरळ रेघेचं असणं. टोकांच्या दोन पुंजक्यांमधून नेहमीच एक सरळ रेघ जाते, मधे नातं वाकलेलं असलं तरी. ते वाकणं दाखवणारं मोजमापच आपण घेतलेलं नसतं.

फोर्ब्स यांच्या यादीत ते दिसतं, कारण त्यांनी मधली वाचनंही घेतली आणि टोकंही गाठली. प्रत्येक वाचन रेघेच्या वर आहे की खाली, हे तापमानाच्या क्रमाने पाहावं. थंड टोकाची दोन वाचनं रेघेच्या वर, एक पाव इंचाने आणि दुसरं दीड दशांशाने. १९८.४ पासून २०३.६ अंशांपर्यंतची सगळी वाचनं रेघेच्या खाली. आणि उष्ण टोकाची दोन पुन्हा वर. नुसत्या मोजमापाच्या चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत. नातं किंचित वाकलेलं आहे. मधल्या सहा वाचनांचा उतार ०.४६ आला त्यात या वाकण्याचाही वाटा असणार. तिथली रेघ खरोखरच सरासरीपेक्षा थोडी सपाट आहे.

हे वाकणं डोळ्यांना बारीक दिसतं, पण रेघ मोजमापांच्या पलीकडे नेली की ते भारी पडतं. फोर्ब्स यांनी आपल्या निबंधात वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांची हिमालयातली वाचनंही दिली होती, आणि त्यांतल्या जागा आल्प्समधल्या जागांहून बऱ्याच उंच होत्या. पाणी १८० अंशांना उकळतं अशा जागी दाब सुमारे १५.३ इंच असतो. फोर्ब्स यांच्या सतरा वाचनांची सरळ रेघ तिथे १३.१ इंच सांगेल. उंचीत ही चूक तीन हजार फुटांच्या वर जाते. उताराची प्रमाण त्रुटी एक शतांश असूनही ती या चुकीबद्दल काही बोलत नाही, कारण ती सरळ रेघ खरी मानूनच काढलेली आहे.

दूरच्या वाचनाला वजन जास्त, याची दुसरी बाजूही याच यादीत सापडते. २०४.६ अंशांचं वाचन रेघेपासून तब्बल ०.६५ इंच वर आहे. इतर कुठलंही वाचन याच्या निम्म्यानेही ढळत नाही. टिपणीत किंवा उपकरणात काहीतरी घोटाळा झाला असावा अशी शंका येण्याजोगंच हे वाचन आहे. पण ते मध्यापासून अवघ्या १.६५ अंशांवर असल्यामुळे त्याचा w आहे ०.००३. उतारात त्याने घातलेली भर दोन सहस्रांशांची, न जाणवणारी. हाच ०.६५ इंचांचा घोटाळा २१२.२ अंशांच्या टोकाला झाला असता, तर उतार एक शतांशाहून जास्त सरकला असता, म्हणजे एका पूर्ण प्रमाण त्रुटीइतका. वर वाईट हे, की टोकाचं चुकीचं वाचन रेघेलाच आपल्याकडे ओढून घेतं आणि मग रेघेपासून फार ढळलेलंही दिसत नाही. म्हणून टोकाच्या जागी एकच वाचन घेऊन थांबू नये. फोर्ब्स यांच्याकडे थंड टोकाला १९४.३ आणि १९४.५ अशी दोन वाचनं आहेत आणि दोन्हींचा दाब २०.७९ इंच आहे. अशी जोडी असली की एक दुसऱ्याची साक्ष देतं.

राहिली ती स्वतंत्र चुकांची अट. बेरजेचं प्रचरण म्हणजे प्रचरणांची बेरीज, ही पायरी तिच्यावर टेकलेली होती. एकाच दौऱ्यात, एकाच थर्मामीटरने, एकाच डोंगराच्या अंगावर घेतलेली सगळी उंच वाचनं आणि दुसऱ्या दौऱ्यातली सगळी सखल वाचनं, असा प्रकार असेल, तर एका दौऱ्यातली चूक त्या दौऱ्याच्या सगळ्या वाचनांत एकाच दिशेने शिरते. मग थंड टोकाचं सगळं वजन एका बाजूला कलतं. कागदावर सतरा वाचनं, प्रत्यक्षात मात्र दोन दौऱ्यांची दोन. सूत्र त्रुटी लहान दाखवतं, आणि पसारा कितीही मोठा असला तरी ती लबाडी तो दुरुस्त करत नाही. त्यावर उपाय मोजणीच्या वेळीच करावा लागतो: प्रत्येक दौऱ्यात थोडी उंच आणि थोडी सखल, दोन्ही वाचनं घ्यायची.

फोर्ब्स यांनी स्वतः दाबाऐवजी दाबाचा लॉगॅरिदम वापरला होता, कारण उकळबिंदूचं त्याच्याशी सरळ नातं असावं असं त्यांना वाटत होतं. लॉगॅरिदमला १०० ने गुणून तीच सतरा वाचनं मांडली, तर दोन्ही टोकं वर आणि मध्य खाली ही रांग मोडते. एकटं २०४.६ चं वाचन तेवढं वेगळं उठून दिसतं. उतार ०.८९५, प्रमाण त्रुटी ०.०१६. ते एक वाचन बाजूला ठेवलं तर उतार ०.८९१, म्हणजे होता तिथेच. प्रमाण त्रुटी मात्र ०.००५ वर येते. पसारा या खटाटोपात ५३०.८ वरून ५२८ वर आला, म्हणजे जवळपास हललाच नाही. सगळी घट झाली ती σ मध्ये, ०.३७९ वरून ०.११३ वर.